आधी खडे, मग कुर्बानी, मग केस

अनसिंगमधून कुणाचं नाव हजच्या कुर्‍यात लागलं, की वाशिम-पुसद रस्त्यावरच्या दुकानांपासून मशिदीपर्यंत बातमी जाते. जायच्या आधी घरोघरी जाऊन कहा-सुना माफ करून घेणं होतं, दुआ सांगायला लोक येतात, सामानाची यादी तीनदा तपासली जाते. या सगळ्या धांदलीत एक गोष्ट मागे राहते, ती म्हणजे तिथे गेल्यावर नेमकं कशानंतर काय करायचं. तरबियत शिबिरात सांगतात, पण एका दिवसात इतकं सांगतात की इहरामपासून तवाफे-विदापर्यंतचा सगळा क्रम डोक्यात गोळा होऊन बसतो. पहिल्यांदा जाणारे चाचा आणि चाची मग तिथे गर्दीमागे चालतात. आणि गर्दी नेहमी बरोबरच असते असं नाही.

विदर्भातले बहुतेक मुसलमान हनफी मसलकाचे. कोकणातले शाफई. म्हणून रत्नागिरीच्या नातेवाइकानं सांगितलेला एखादा मसला आपल्याला तसाच लागू होत नाही. मी इथे लिहितो आहे ते हनफी पद्धतीनं आणि तमत्तू हजबद्दल, कारण इकडून जाणारे बहुतेक जण तमत्तूच करतात. तमत्तू म्हणजे आधी उमरा करायचा, इहराम उतरवायचा, आणि जिल्हिज्जच्या आठ तारखेला हजसाठी पुन्हा इहराम बांधायचा.

क्रम लक्षात ठेवण्याआधी एक वजनमाप मनात पक्कं करायला हवं. हजमध्ये तीन गोष्टी फर्ज आहेत: इहराम, अरफातमधलं थांबणं आणि तवाफे-जियारत. यातली एकही राहिली तर हज झाला नाही. त्याखाली वाजिब आहेत. वाजिब सुटलं तर हज होतो, पण दम द्यावा लागतो, म्हणजे हरमच्या हद्दीत एक बकरा कापावा लागतो. त्याखाली सुन्नत, ती सुटली तर दंड नाही. गर्दीत, उन्हात, थकव्यात काय सोडायचं आणि काय जिवापाड जपायचं, हे या तीन पायऱ्यांवरून ठरतं. हजरे-अस्वदचं चुंबन सुन्नत आहे. त्यासाठी कुणाला धक्का देणं मात्र गुनाह आहे. हे एवढं कळलं तरी अर्धी चेंगराचेंगरी टळते.

सुरुवात इहरामपासून, आणि पहिला प्रश्न विमानाचा. आपलं विमान थेट मदिनेला उतरणार की जेद्दाला, हे त्या वर्षीच्या वेळापत्रकावर असतं. मदिनेला उतरणार असेल तर नेहमीच्या कपड्यांत जायचं. तिथून मक्केला निघताना जुल-हुलैफाला, ज्याला लोक बीर अली म्हणतात, तिथे इहराम बांधायचा. जेद्दाला उतरणार असेल तर मीकात, म्हणजे इहरामशिवाय ओलांडू नये ती हद्द, विमानातच मागे पडते. १९९५ पर्यंत मुंबईहून जहाजं जायची. तेव्हा यलमलमच्या समोर आलं की जहाजावरच इहराम बांधला जायचा, आणि तयारीला भरपूर वेळ असायचा. विमानात तो नसतो. म्हणून विमानतळावरच आंघोळ करून चादरी गुंडाळाव्यात, दोन रकात नफ्ल पढावी, आणि मीकात येण्याची सूचना झाली की उमऱ्याची नियत करून लब्बैक म्हणावं. इहराम म्हणजे चादरी नव्हेत. नियत आणि लब्बैक झाल्यावर इहराम सुरू होतो. चादरी नेसून तासभर आधी बसलात तर काही बिघडत नाही, पण त्या बॅगेत ठेवून ती बॅग लगेजमध्ये टाकली तर फार बिघडतं.

पुरुषांना दोन न शिवलेल्या चादरी, एक कमरेला, एक खांद्यावर. डोकं उघडं. पायाच्या वरच्या बाजूचं मधलं हाड उघडं राहील अशी चप्पल, आपली साधी हवाई चप्पल चालते. पैशाचा पट्टा कमरेला बांधता येतो, तो शिवलेला असला तरी. बायकांना नेहमीचे कपडे, डोकं झाकलेलं, फक्त चेहऱ्याला कापड लागू द्यायचं नाही.

इथे वऱ्हाडातल्या माणसाची एक खास अडचण होते. मे-जूनच्या उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, ही आपल्याला लहानपणापासूनची सवय. इहराममध्ये पुरुषाचा हात आपोआप त्या दुपट्ट्याकडे जातो, आणि तो तर मना आहे. छत्री मात्र चालते, कारण ती डोक्याला टेकत नाही. २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५० अंशांच्या वर गेला आणि १३०० हून जास्त माणसं गेली. म्हणून छत्री ही सामानातली पहिली वस्तू समजा. पांढरी असली तर उत्तम.

दुसरी अडचण सुगंधाची. अत्तर नको हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण वासाचा साबण, ओले सुगंधी कागद, केसांचं तेल हे लक्षात येत नाही. आणि सगळ्यात फसवी जागा म्हणजे खुद्द काबा. तिथल्या गिलाफाला, रुक्ने-यमानीला आणि हजरे-अस्वदला अत्तर लावलेलं असतं. इहराममध्ये असताना प्रेमानं गिलाफाला बिलगलेला माणूस अंगभर अत्तर घेऊन परत येतो. त्यावर दम किंवा सदका बसू शकतो. बिलगायचं असेल तर इहराम उतरल्यानंतर भरपूर दिवस असतात.

मक्केला पोहोचल्यावर सामान खोलीत टाकायचं, थोडं झोपायचं, आणि मग उमरा. लगेच पळायची गरज नाही. तवाफ हजरे-अस्वदच्या रेषेपासून सुरू होतो. त्या बाजूच्या भिंतीवर हिरवा दिवा आहे, त्यावरून रेषा कळते. तिथे उभं राहून दोन्ही हात उचलून लांबूनच इशारा करायचा आणि काबा डाव्या हाताला ठेवून सात फेरे घ्यायचे. पुरुषांनी या तवाफात उजवा खांदा उघडा ठेवायचा आणि पहिल्या तीन फेऱ्यांत गर्दी परवानगी देईल तितकं ताठ, झपझप चालायचं. खांदा उघडा ठेवण्याबद्दल फार मोठा गैरसमज आहे. विमानतळापासून खांदा उघडा टाकून फिरणारे दिसतात, नमाजही तसेच पढतात. ते फक्त त्या तवाफापुरतं आहे. सात फेरे झाले की खांदा झाकायचा आणि मग मकामे-इब्राहीमच्या मागे, जिथे जागा मिळेल तिथे, दोन रकात पढायची.

झमझम पिऊन सफाकडे. सई म्हणजे सफा ते मरवा एक, मरवा ते सफा दोन, अशी सात. जाऊन-येऊन एक धरणारे चौदा चालतात आणि संध्याकाळी पाय धरून बसतात. सुरुवात सफावर आणि शेवट मरवावर, असं झालं तर मोजणी बरोबर. मध्ये हिरवे दिवे लागलेला पट्टा येतो. हजरत हाजरा इस्माईलसाठी पाणी शोधत तिथे धावल्या होत्या. तिथे पुरुषांनी थोडं धावायचं, बायकांनी नेहमीसारखं चालायचं. सई झाली की पुरुषांनी डोकं भादरायचं किंवा केस कापायचे. कात्रीनं दोन-चार केस कापून मोकळे होणारे पुष्कळ दिसतात, पण ते पुरेसं नाही. कमीत कमी चौथाई डोक्याचे केस बोटाच्या पेराएवढे कापले गेले पाहिजेत, आणि सगळ्या डोक्याचे कापणं चांगलं. बायकांनीही वेणीच्या टोकाचे पेराएवढे केस कापायचे. इहराम उतरला, उमरा झाला. आता आठ तारखेपर्यंत नेहमीचे कपडे, नमाजा आणि जमतील तितके नफ्ल तवाफ.

आठ तारखेला पुन्हा इहराम, या वेळी हजच्या नियतीनं, राहत्या खोलीतूनच. हरमच्या हद्दीतच असल्यामुळे मीकातला परत जायचं नसतं. प्रत्यक्षात मुअल्लिमच्या बसा सात तारखेच्या रात्रीच न्यायला लागतात. मिनात दुसरं काही खास करायचं नसतं. जोहरपासून नऊच्या फजरपर्यंत पाच नमाजा तिथे पढायच्या आणि अंग राखायचं. एक करायचं मात्र नक्की, ते म्हणजे तंबूच्या खांबाचा क्रमांक आणि जवळची खूण पाठ करणं. सगळे तंबू सारखेच पांढरे. १९९७ च्या आगीत ३०० हून जास्त हाजी गेल्यानंतर ते आगीला न जुमानणाऱ्या कापडाचे केले गेले. तरीही आत चूल किंवा गॅस पेटवायचा नाही, चहासाठीसुद्धा नाही.

नऊ तारीख अरफातची. सूर्य कलल्यापासून मावळेपर्यंत अरफातच्या हद्दीत असणं हाच हज. जबले-रहमतवर चढायची गरज नाही. तंबूत बसून, किबल्याकडे तोंड करून दुआ मागणं पूर्ण आहे. हद्दीबद्दल मात्र डोळे उघडे ठेवा. नमिरा मशिदीचा पुढचा भाग अरफातच्या बाहेर येतो, आणि तिथे तशा पाट्या आहेत. नमाज पढून तिथेच संध्याकाळपर्यंत बसून राहिलेल्या माणसाचं अरफात होत नाही. सूर्य मावळायच्या आत हद्द सोडली तर दम. मावळला की मगरिब न पढता निघायचं. मगरिब आणि इशा मुज्दलिफात पोहोचून, इशाच्या वेळेत, एकत्र पढायच्या. बसमध्ये मगरिबची वेळ सरताना पाहून जीव कासावीस होतो, पण या एका रात्री उशीर हाच हुकूम आहे.

मुज्दलिफात उघड्यावर रात्र. खडे वेचायचे ते हरभऱ्याएवढे. दहा तारखेला सात, अकरा आणि बारा तारखेला एकवीस-एकवीस, म्हणजे एकोणपन्नास. तेरालाही थांबणार असाल तर सत्तर. पाच-सहा जास्तीचे ठेवावेत. दगडाएवढे खडे आणणारे असतात, राग काढायला चपला फेकणारेही असतात. त्यानं पुढच्या रांगेतल्या कुणाचं तरी डोकं फुटतं. मुज्दलिफाचं वाजिब थांबणं सुबहे-सादिकपासून सूर्योदयापर्यंतच्या वेळेतलं आहे. आजारी, म्हातारे आणि बायका यांना गर्दीच्या भीतीनं रात्रीच पुढे जायची सवलत आहे. धडधाकट माणसाला ती नाही, आणि बस लवकर निघाली म्हणून तिच्यात बसणं महागात पडतं.

आता दहा तारीख. घोळ बहुतेक इथेच होतो, म्हणून इथे थोडं थांबू.

या दिवशी चार कामं आहेत: मोठ्या जमऱ्याला, ज्याला लोक बडा शैतान म्हणतात, सात खडे मारणं. मग कुर्बानी. मग केस. मग मक्केला जाऊन तवाफे-जियारत. इमाम अबू हनीफांच्या मते पहिल्या तिन्हींचा क्रम वाजिब आहे. मागचं पुढे झालं तर दम. त्यांचेच दोन मोठे शागिर्द, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहंमद, हा क्रम सुन्नत मानतात, आणि दुसऱ्या मसलकांतही बरीच सूट आहे. त्यांचा आधार असा, की नबीसाहेबांना त्या दिवशी लोकांनी विचारलं, अमुक आधी झालं, तमुक नंतर झालं, आणि त्यांनी हरकत नाही असं सांगितलं. म्हणून क्रम चुकलेल्या माणसानं घाबरून जाऊ नये. आपल्या आलिमाला विचारावं. पण आधीपासून ठरवताना क्रम सांभाळायचा, हे इकडच्या उलेमांचं सांगणं आहे.

अडचण अशी, की खडे आपल्या हातात आहेत, केस आपल्या हातात आहेत, कुर्बानी नाही. अनेक हाजी अधिकृत योजनेतून कूपन घेतात. जनावर कत्तलखान्यात कापलं जातं आणि आपण तंबूत असतो. आपला बकरा केव्हा कापला गेला, हे कळल्याशिवाय केस कापले तर क्रम राहिला की नाही, कुणी सांगायचं?

समजा अनसिंगचे एक चाचा-चाची आहेत. चाचा साठीचे, चाचींचे गुडघे दुखतात. त्यांच्या कूपनवर दुपारी तीनची वेळ आहे. फजर मुज्दलिफात पढून, दुआ मागून ते सूर्योदयाआधी निघाले आणि आठच्या सुमारास तंबूत पोहोचले. सगळा तंबू खडे मारायला उठला आहे. सूर्योदयापासून दुपारपर्यंत खडे मारणं सुन्नत, तिथून सूर्यास्तापर्यंत चालतं, रात्री मकरूह पण दुबळ्यांना मोकळीक. त्यांच्या गटाला मुअल्लिमनं अकराची वेळ दिली आहे. ते त्याच वेळेला जातात. तीनच्या आत दोघांचे खडे होतात, म्हणजे कुर्बानी खड्यांच्या आधी होण्याचा धोका संपला. कूपनवर सकाळी सातची वेळ असती तर मात्र ते अडकले असते. म्हणून कूपन घेतानाच दुपारची किंवा दुसऱ्या दिवशीची वेळ मागावी.

जमऱ्याच्या जागी आता खांब नाही, लांब अंडाकृती भिंत आहे. २००६ च्या जानेवारीत इथल्या चेंगराचेंगरीत ३०० हून जास्त माणसं गेली, त्यानंतर जुना पूल पाडून अनेक मजली नवा पूल झाला. भिंतीच्या पहिल्याच टोकाला सगळे तुटून पडतात. थोडं पुढे चालत गेलं की जागा मोकळी असते. पहिल्या खड्याबरोबर लब्बैक म्हणणं थांबतं. मग एक-एक करून सात. मूठभर एकदम फेकले तर तो एकच धरला जातो. खडा भिंतीच्या हौदात पडला पाहिजे.

चाचींच्या वतीनं चाचांनी मारले तर? अनेक जण तसं करतात आणि ते चुकीचं आहे. जो उभं राहून नमाज पढू शकत नाही, ज्याला तिथपर्यंत नेणंच शक्य नाही, त्याच्याच वतीनं दुसरा मारू शकतो. गर्दीची भीती हे कारण नाही. चाचींनी रात्री दहाला जावं, तेव्हा पूल बराच मोकळा असतो. खड्यांच्या हिशोबात रात्र मागच्या दिवसाला जोडली जाते. पण मग त्यांची कुर्बानी आणि केस त्यानंतर, हे धरून त्यांचं कूपन अकरा तारखेचं हवं.

समजा दोघांचेही खडे दिवसा झाले. तीन वाजले. आता चाचांनी लगेच न्हाव्याच्या रांगेत बसू नये. कूपनवरची वेळ ठरवलेली असते, पण कामाला उशीर होऊ शकतो. संध्याकाळपर्यंत, जमल्यास इशापर्यंत थांबावं. इहराममध्ये आणखी चार-पाच तास राहण्यात कष्ट आहेत, नुकसान नाही. कुणी ओळखीचा माणूस कत्तलखान्यात उभा राहून फोन करणार असेल तर अधिक चांगलं. पण रस्त्यावर स्वस्तातली पावती विकणाऱ्या अनोळखी दलालाकडून कुर्बानी घेऊ नये. तिथे जनावर कापलं गेलं की नाही हे कुणालाच कळत नाही. आणि ही तमत्तूची शुक्राण्याची कुर्बानी आहे, घरी होणारी ईदची कुर्बानी वेगळी. गावाकडे मुलानं बकरा कापला म्हणजे इथली झाली, असं होत नाही.

केस झाले की आंघोळ आणि शिवलेले कपडे. पती-पत्नीच्या संबंधांची मनाई तेवढी उरते, ती तवाफे-जियारतनंतर संपते. हा तवाफ फर्ज आहे आणि बारा तारखेच्या सूर्यास्तापर्यंत व्हायला हवा. म्हणजे चाचा-चाचींना दहाच्या रात्री धापा टाकत मक्केला जायची गरज नाही. रात्र मिनात झोपून अकराच्या पहाटे जावं, तवाफ आणि हजची सई करावी आणि दुपारी परत यावं. मताफ भरला असेल तर वरच्या मजल्यावर पाठवतात. तिथे एकेक फेरा कितीतरी लांब होतो, म्हणून व्हीलचेअरचा विचार आधीच करावा.

बाईला या दिवसांत पाळी आली तर अरफात, मुज्दलिफा, खडे, कुर्बानी, केस, सगळं करता येतं. तवाफ तेवढा थांबवायचा. पाक झाल्यावर करायचा, बारा तारीख उलटली तरी दम नाही. पण तो केल्याशिवाय परत यायचं नाही. विमानाची तारीख आड येत असेल तर त्याच दिवशी आपल्या हज निरीक्षकाला, ज्यांना पूर्वी खादिमुल-हुज्जाज म्हणत, सांगावं. लाजेनं गप्प राहून तवाफ न करता निघालेल्या बायकांचा मामला नंतर फार कठीण होतो.

अकरा आणि बारा तारखेला सूर्य कलल्यानंतर तिन्ही जमऱ्यांना खडे. आधी लहान, मग मधला, मग मोठा. लहान आणि मधल्यानंतर बाजूला होऊन दुआ, मोठ्यानंतर न थांबता निघायचं. सकाळी मारून मोकळं व्हायची घाई बाराला फार होते, कारण बसा मक्केकडे निघत असतात. सूर्य कलण्याआधी मारलेले खडे धरले जात नाहीत. बाराला सूर्यास्ताच्या आत मिना सोडावं. तेराची पहाट मिनात झाली तर तेराचे एकवीसही वाजिब होतात.

उरतो तवाफे-विदा. मीकातच्या बाहेरून आलेल्या हाजीवर तो वाजिब आहे. निघण्याच्या वेळी पाळी असलेल्या बाईवर नाही, ती दाराबाहेरून दुआ मागून निघू शकते. सात फेरे, दोन रकात, झमझम. खांदा उघडा नाही, झपझप चाल नाही, सई नाही, इहराम नाही. तवाफे-जियारतनंतर केलेला कोणताही नफ्ल तवाफ, अचानक निघावं लागलं तर, विदाच्या जागी धरला जातो. म्हणून मिनाहून परतल्यावर एक तवाफ लवकर करून ठेवावा आणि निघायच्या दिवशी जमला तर पुन्हा करावा. विदा झाल्यावर बस सहा तास उशिरा आली, मध्ये नमाजेला हरममध्ये गेलात, जेवलात, खजूर घेतली, तरी तो मोडत नाही. काही लोक विदानंतर काब्याकडे तोंड ठेवून उलट्या पावलांनी बाहेर येतात. मागे माणसं असतात, जिने असतात. सरळ चालत बाहेर यावं.

ज्यांचं मदिना हजनंतर आहे, त्यांनी मदिनेला निघण्याआधीच विदा करायचा. तिथून विमान थेट भारताकडे असतं, मक्केला परत येणं होत नाही.